रेग्युलरवर चालणाऱ्या गाडीत ९५-१०० ऑक्टेन टाकूनही पिकअप का येत नाही, आणि मग नेमकं तपासायचं काय

ही तक्रार थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा कानावर येते. गाडी चढाला दमते, पिकअप गेलाय, अ‍ॅव्हरेज पडलंय, कधी घाटात इंजिनातून टकटक ऐकू येते. कुणीतरी सांगतं, ‘चांगलं पेट्रोल टाकून बघ.’ ९५ ऑक्टेन टाकलं की दोन दिवस गाडी बरी वाटते, आठवड्याने पुन्हा पहिल्यासारखी. मग पुढचा प्रश्न: आता १०० टाकून बघू का?

गाडीच्या पुस्तकात रेग्युलर पेट्रोल लिहिलं असेल तर नका टाकू. त्या इंजिनाला जास्तीच्या ऑक्टेनचं काहीही करता येत नाही. आणि ते टाकल्यावर टकटक खरोखरच थांबत असेल, तर इंजिनात काहीतरी बिघडलेलं आहे आणि तुम्ही लिटरमागे जादा पैसे मोजून तो बिघाड झाकताय. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, पण ती कळण्यासाठी आधी ऑक्टेनचा आकडा कशाचा आहे ते पाहायला हवं.

आकडा सहनशक्तीचा, ताकदीचा नव्हे

इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टन दाबतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक बाइकमध्ये ते साडेनऊ-दहा पट दाबलं जातं. दाबलेली हवा तापते, तेही थोडंथोडकं नाही, चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यातच प्लगची ठिणगी पडते. ठिणगीपासून ज्वाला पसरत जाते आणि जळालेला वायू फुगून कोपऱ्यातल्या अजून न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबतो, आणखी तापवतो. ज्वाला तिथे पोचेपर्यंत त्या मिश्रणाने धीर धरायला हवा. धीर सुटला तर ते सगळं एकदम पेटतं, दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटते आणि आपल्याला धातूवर बारीक हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग.

ऑक्टेनचा आकडा हा धीर मोजतो, बाकी काहीही नाही. मोजण्यासाठी एक खास एकसिलिंडरी इंजिन असतं, त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबायचं ते, चालू असताना कमी-जास्त करता येतं. आयसोऑक्टेन या द्रवाला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० गुण दिलेले आहेत. ज्या पेट्रोलचं वागणं ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं, ते ९१. आपल्याकडे पंपावर लिहिलेला आकडा या पद्धतीचा, म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर असतो.

या मोजणीत उष्णता किती निघते हे कुठेच येत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि ऑक्टेन वाढलं म्हणून ती वाढत नाही. इथेनॉलचंच बघा. त्याचं ऑक्टेन १०८ च्या घरात आहे, पेट्रोलपेक्षा कितीतरी वर, पण त्याच्या एका लिटरमध्ये ऊर्जा जेमतेम २१ मेगाज्यूल. ऑक्टेन म्हणजे ताकद असती तर इथेनॉलवर गाड्या उडाल्या असत्या. ‘जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हळू जळतं’ हेही मी अनेकांकडून ऐकतो. तेही खरं नाही. आपोआप पेटायला विरोध करणं आणि ठिणगीनंतर ज्वाला किती वेगाने पसरते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

विहिरीतून दहा किलोची बादली ओढताना दोर पन्नास किलो पेलणारा असो की शंभर किलो पेलणारा, बादली त्याच वेगाने वर येते. दोर तुटत असेल तरच जाड दोराचा उपयोग. तुमच्या इंजिनात रेग्युलर पेट्रोल नॉक होत नसेल तर दोर तुटत नाहीये.

मग जास्त ऑक्टेनचा फायदा होतो तरी कुणाला?

पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधीच ठिणगी द्यावी लागते, कारण ज्वाला पसरायला वेळ लागतो. ठिणगी अशा क्षणी द्यायची की सिलिंडरमधला सर्वांत जास्त दाब क्रँक वरच्या टोकापासून साधारण १५ अंश पुढे सरकल्यावर यावा. मग ढकलण्याची ताकद पुरेपूर कामी येते. ठिणगी याहून लवकर दिली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा दाब बसतो, उशिरा दिली तर अर्धी उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते.

काही इंजिनं इतकी चढ्या कॉम्प्रेशनची किंवा इतक्या जोराच्या टर्बोची असतात की तो योग्य क्षण गाठायच्या आधीच रेग्युलर पेट्रोल नॉक होऊ लागतं. अशा इंजिनात नॉक सेन्सर असतो. त्याला आवाज लागला की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, ठिणगी उशिरा देतो, इंजिन वाचतं पण ताकद जाते. त्यात ९५ किंवा ९८ टाकलं की ठिणगी पुन्हा आपल्या जागी येते आणि फरक खरोखर जाणवतो. त्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणावर तसं लिहिलेलंच असतं.

रेग्युलरसाठी बनवलेल्या इंजिनाची गोष्ट उलटी आहे. कंपनीने ते रेग्युलरवर चालवून बघितलेलं असतं आणि ठिणगीचं वेळापत्रक त्याच पेट्रोलवर बसवलेलं असतं. आपल्याकडच्या साध्या बाइक आणि स्कूटरमध्ये नॉक सेन्सर सहसा नसतोच. टाकीत ९१ आहे की १०० हे गाडीला कळायला काही साधनच नाही. इंजिनाच्या अमुक फेऱ्यांना, अमुक रेस असताना ठिणगी अमुक अंशांवर, एवढंच ती जाणते. सेन्सर असलेल्या साध्या कारमध्येसुद्धा वेळापत्रकाला वरची मर्यादा असते आणि ईसीयू तिच्यापुढे जात नाही. फार तर कडक उन्हात, गाडी भरलेली, एसी चालू आणि अ‍ॅक्सिलेटर तळाला टेकलेला असताना ईसीयूने मागे घेतलेले एक-दोन अंश परत मिळतात. शहरात ऑफिसला जाता-येता ती वेळ येत नाही.

आणि कॉम्प्रेशन चढं म्हणजे ९५ लागणारच, असाही नियम नाही. मारुतीच्या आधीच्या पिढीच्या स्विफ्टमधल्या के१२एन ड्युअलजेट इंजिनाचं कॉम्प्रेशन १२ आहे, तरी ते रेग्युलरवर चालण्यासाठीच बनवलं आहे. थंड केलेला एक्झॉस्ट वायू थोडा आत परत सोडून त्यात नॉकिंग काबूत ठेवलंय. त्यामुळे इंटरनेटवर कॉम्प्रेशन शोधून पेट्रोल ठरवू नका. गाडीचं पुस्तक आणि टाकीच्या झाकणावरचा आकडा, एवढंच बघा.

अमेरिकेत ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये हीच गोष्ट तपासली होती. रेग्युलरसाठी बनवलेल्या चार, सहा आणि आठ सिलिंडरच्या गाड्या घेऊन त्यांत दोन्ही पेट्रोल टाकून ताकद, पेट्रोलचा खप आणि धूर मोजला. दखल घेण्याजोगा फायदा कशातच निघाला नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना एक सांगायला हवं. तुमच्या पंपावरचा ८७ हा आकडा बघून ‘भारतात ९१ मिळतं, इथे ८७ च, मग वरचं घ्यायला हवं’ असं वाटू शकतं. तिकडचा आकडा दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो. तिकडचं ८७ म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण ९१ च.

‘पण मला फरक जाणवला’

जाणवला असेल. लोक खोटं बोलतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण तो ऑक्टेनचा असेलच असं नाही, आणि आज याचं मोठं कारण इथेनॉल आहे.

२०२५ पासून देशभर साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं. इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन आपोआप वर गेलंय. बीएस-२ च्या काळात ८८ होतं, नंतर ९१ झालं आणि ई-२० मुळे आता ते ९५ च्या जवळ पोचलं आहे, असं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीरच केलं होतं. म्हणजे ९१ साठी बनवलेल्या तुमच्या बाइकला साध्या पंपावरच गरजेपेक्षा जास्त ऑक्टेन मिळतंय. वरच्या भावाच्या ‘९५’ ने त्यात कसली भर पडणार?

ई-२० मध्ये ऊर्जा मात्र कमी आहे. ३२ चा ऐंशी टक्के भाग आणि २१ चा वीस टक्के भाग मिळून लिटरमागे ३० मेगाज्यूलपेक्षा थोडं कमी भरतं, म्हणजे निव्वळ पेट्रोलपेक्षा साधारण सहा-सात टक्के घट. आता एखाद्याने इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं, तर अ‍ॅव्हरेज थोडं वाढलेलं दिसणारच. ते ऊर्जेमुळे वाढलं, श्रेय मात्र ऑक्टेनला मिळतं.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हा भास आणखी पक्का होतो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल थोडं वाढवून घेते. कार्बोरेटरला ते जमत नाही, तो जेटच्या भोकातून जाईल तेवढंच देतो. त्यामुळे ई-२० वर त्याचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. गाडी रेस उघडताना अडखळते, तापते. त्यात बिनइथेनॉलचं पेट्रोल पडलं की मिश्रण पुन्हा जागेवर येतं आणि गाडी मोकळी धावते. मालकाची खात्री होते की हा १०० चा परिणाम. खरं तर हा कार्बोरेटरच्या सेटिंगचा प्रश्न आहे. चांगला मेकॅनिक पुढच्या मापाचा मेन जेट आणि स्क्रूचं थोडं अ‍ॅडजस्टमेंट यांवर तो सोडवू शकतो.

पैशांचा हिशेबही मांडू. समजा साधं पेट्रोल १०४ रुपये आणि १०० ऑक्टेनचं १६० रुपये लिटर. बाइक साध्यावर ५० चं अ‍ॅव्हरेज देते. इथेनॉल नसल्यामुळे १०० वर ती साडेत्रेपन्न देईल असं धरू. साध्यावर किलोमीटरला २ रुपये ८ पैसे पडतात, १०० वर २ रुपये ९९ पैसे. अ‍ॅव्हरेज वाढलेलं दिसत असताना खर्च मात्र जवळजवळ दीडपट होतो.

‘प्रीमियम पेट्रोल इंजिन साफ ठेवतं’ यात तथ्य आहे, पण ते त्यातल्या सफाईच्या रसायनांचं काम आहे. सफाई आणि ऑक्टेन हे दोन वेगळे गुण आहेत, एकाच नळीतून विकले जातात इतकंच. इंजेक्टर खराब झाला असेल तर पॉलिइथर अमाइन असलेल्या क्लीनरची एक बाटली टाकीभर साध्या पेट्रोलात घातली तरी ते काम होतं.

एक गाडी, नीट उलगडून

माझ्या आतेभावाच्या मुलाची १२५ सीसीची बाइक बीएस-४ ची आहे, कार्बोरेटरवाली, ३१ हजार किलोमीटर झालेली. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर इंजिनातून टकटक यायची. १०० ऑक्टेन टाकलं की आवाज जवळजवळ बंद. म्हणून तो गावी जाताना १०० आणि पुण्यात साधं, असं चालवायचा. अ‍ॅव्हरेज ५८ वरून ५० वर आलं होतं. त्याचं म्हणणं, ‘काका, ह्या गाडीला साधं पेट्रोल सोसत नाही.’

गाडी नवी असताना हाच घाट साध्या पेट्रोलवर बिनआवाज चढत होती, तेही इथेनॉल कमी आणि ऑक्टेन खाली असताना. आता ऑक्टेन वाढलं आणि आवाज सुरू झाला. पेट्रोल सुधारलं असताना इंजिन कुरकुरतंय, याचा अर्थ बदल इंजिनात झालाय. शोध तिथूनच सुरू करायचा.

पहिलं काम, तो आवाज नॉकिंगचाच आहे ना हे ठरवणं. नॉकिंग भाराखाली येतं: चढ, वरचा गिअर, कमी फेरे आणि रेस बरीच उघडलेली. रेस थोडी सोडली किंवा एक गिअर उतरवला की लगेच थांबतं. टॅपेटची टिकटिक गाडी उभी असतानाही येते आणि फेऱ्यांबरोबर वाढते. पिस्टनचा आवाज गार इंजिनात जास्त आणि तापल्यावर कमी होतो. सायलेन्सरवरची सैल पट्टी एका ठरावीक फेऱ्यालाच खणखणते, भार असो वा नसो. या गाडीचा आवाज गिअर उतरवताच थांबत होता. नॉकिंगच होतं.

मग प्लग काढला. पोर्सेलिन पांढरंफट्ट, भाजल्यासारखं. निरोगी इंजिनात ते फिक्या तपकिरी रंगाचं असतं. पांढरा रंग म्हणजे मिश्रण पातळ किंवा इंजिन अति तापतंय. काळा, काजळी धरलेला असता तर शोध एअर फिल्टर आणि जास्त पेट्रोल या दिशेने गेला असता. प्लगवरचा नंबरही वाचला, कारण चुकीच्या हीट रेंजचा प्लग स्वतःच तापून मिश्रण पेटवू शकतो. नंबर बरोबर होता.

पातळ मिश्रणाचं एक कारण ई-२० होतंच, पण तेवढ्याने प्लग इतका पांढरा होत नाही. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला रबर बोटाने वाकवून पाहिला तर खालच्या बाजूने चिरलेला. खात्रीसाठी इंजिन गार असतानाच सुरू करून त्या चिरेवर कार्बोरेटर क्लीनरचा छोटा फवारा दिला. फेरे लगेच बदलले, म्हणजे तिथून हवा आत जात होती. (हा फवारा पेट घेतो. तापलेल्या सायलेन्सरजवळ किंवा प्लगची वायर लीक असताना तो कधीही मारायचा नाही.) शिवाय सिलिंडरच्या पुढच्या फिन्समध्ये पावसाळ्यातला चिखल वाळून बसला होता. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात फिन्स बुजल्या की हेड तापतं, आणि तापलेल्या हेडमध्ये मिश्रणाचा धीर लवकर सुटतो.

अ‍ॅव्हरेजचं निम्मं उत्तर इंजिनात नव्हतंच. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवलं तर एक वेढाही पुरा होईना. ड्रमचा ब्रेक घट्ट आवळलेला, चेन कोरडी आणि ताणलेली. मागचा ब्रेक घासत असेल तर इंजिन सारखं ओझं ओढत राहतं, घाटात तर दुप्पट जाणवतं.

नवा रबर, फिन्स साफ, ब्रेक आणि चेन सेट, मेन जेट एक माप वर. पंपावरचं साधं ई-२० टाकून तोच घाट, मागे माणूस बसवून. आवाज नाही. अ‍ॅव्हरेज ५५ च्या वर आलं; राहिलेला फरक बहुतेक इथेनॉलचा, त्याला इलाज नाही. १०० ऑक्टेन टाकून तो असाच फिरत राहिला असता, तर पातळ मिश्रण आणि तापलेलं हेड तसंच राहिलं असतं, फक्त त्याची खूण देणारा आवाज बंद झाला असता. तसं काही महिने चाललं की पिस्टन किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून खर्च हजारोंत जातो.

तुमच्या गाडीत काय बघाल

गाडी आधी बरी होती आणि आता साध्या पेट्रोलवर टकटकते, तर सर्वांत आधी स्वतःची चालवण्याची पद्धत बघा. घाटात चौथ्या-पाचव्या गिअरवर, फेरे पडलेले असताना रेस पिळत राहणं हे नॉकिंगचं सर्वांत साधं कारण आहे. गिअर वेळेवर उतरवला की कित्येक तक्रारी तिथेच संपतात.

तरीही आवाज येत असेल तर वरच्या क्रमाने प्लग, हवेची गळती आणि थंडावा तपासा. कारमध्ये थंडावा म्हणजे कूलंटची पातळी, रेडिएटरचा पंखा आणि थर्मोस्टॅट. हे सगळं ठीक निघालं तर संशय कार्बनवर घ्या. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या किंवा तेल खाणाऱ्या इंजिनात पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये कार्बनचा थर बसतो. जागा कमी झाल्याने कॉम्प्रेशन वाढतं आणि थर उष्णताही धरून ठेवतो. अशा इंजिनाची ऑक्टेनची भूक खरोखर वाढते आणि ९५ टाकल्यावर त्याला खरोखर बरं वाटतं. पण उपाय कार्बन काढणं हा आहे. थर थोडा असेल तर क्लीनरने आणि महामार्गावर तासभर मोकळी चालवून फरक पडतो, जाड असेल तर हेड उघडावं लागतं. तेल खात असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील बदलल्याशिवाय कार्बन परत येणार.

टकटक नाही, नुसता पिकअप नाही, अशी तक्रार असेल तर ऑक्टेनचा विचारच सोडा. रेस दिली की फेरे चढतात पण वेग चढत नाही? क्लचप्लेट घसरतायत. स्कूटर असेल तर बेल्ट आणि रोलर घासलेत. फेरेच चढत नाहीत? एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, इंजेक्टर, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स. टायरमध्ये हवा कमी असणं हे तर इतकं साधं आहे की लोक तिकडे बघतच नाहीत.

एका ठरावीक पंपावर भरल्यावरच त्रास होत असेल तर भेसळीची शंका घ्यायला जागा आहे. रॉकेलसारखं काही मिसळलं तर ऑक्टेन कोसळतं आणि चांगलं इंजिनही नॉक होतं. पंपावर ग्राहकाला फिल्टर पेपर मागता येतो. नोझल पुसून एक थेंब पेपरवर सोडायचा. शुद्ध पेट्रोल दोन-तीन मिनिटांत उडून जातं, डाग राहिला तर संशय घ्यावा. घनता तपासून मागण्याचाही हक्क आहे. त्या दिवशीची घनता पंपावर नोंदलेली असते, पेट्रोलसाठी १५ अंशांना ती घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान हवी, आणि तुमच्यासमोर मोजलेला आकडा नोंदीपेक्षा ३ किलोहून जास्त हलता कामा नये. वरचा भाव देऊन दुसरं पेट्रोल घेण्यापेक्षा ही तपासणी मागा.

एवढं वाचूनही स्वतः करून बघावंसं वाटत असेल तर जरूर बघा, पण एका टाकीवर ठरवू नका. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, टायरची हवा मोजायची, नेहमीच्या रस्त्याने गाडी चालवायची, पुन्हा तशीच भरायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. साध्याच्या तीन टाक्या, मग वरच्याच्या तीन. शक्य असेल तर भरायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या आणि कोणतं भरलं ते तुम्हाला सांगू नका म्हणावं. पिकअपच्या बाबतीत मनाची समजूत फार मोठी असते. आणि इथेनॉल दोन्हींत सारखं आहे का हे पंपावर विचारून घ्या, नाहीतर तुम्ही ऑक्टेन नव्हे, इथेनॉल मोजाल.

झाकणावर ‘९५’ किंवा त्याहून वरचा आकडा असेल तर मात्र तोच टाका, तिथे काटकसर नको. बाहेरून आयात झालेल्या अनेक कार आणि मोठ्या सुपरबाइक यात येतात. आणि रेग्युलरच्या गाडीत तुम्ही आधीच ९५ किंवा १०० भरून बसला असाल तर घाबरायचं कारण नाही. त्याने इंजिनाला अपाय होत नाही, टाकी रिकामी करायची गरज नाही. ते संपू द्या आणि पुढच्या वेळी साधं भरा.